दसऱ्याची नेमणूक, जूनची हजेरी

धारवाडला सप्तापुरातल्या आमच्या बालवाडीत कोणाचीही नेमणूक दसऱ्यालाच व्हायची. कामाला तुम्ही जूनमध्ये लागा नाहीतर श्रावणात, नेमणुकीचा कागद हातात पडायचा तो विजयादशमीला, बन्नीच्या म्हणजे शमीच्या पानांबरोबर. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना अख्खी गल्ली नुसतं ‘बाई’ म्हणायची, एका हातानं पानं द्यायच्या, दुसऱ्या हातानं कागद द्यायच्या आणि म्हणायच्या, “बन्नी तगोंडु बंगारदंग इरूणु.” बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. मग ताबडतोब आवाज बदलून, “आणि उद्यापासून वेळेवर ये.” दसऱ्याआधीच्या महिन्यांना बाई नेमणूक म्हणत नसत. त्या काळाला त्यांचा शब्द होता, चाचपणी. या चाचपणीत वर्ग मात्र पूर्ण सांभाळायचा असे, त्यात सूट नव्हती.

मला ही पद्धत तेव्हा फार गोड वाटली होती. आई तर तो कागद देवापुढे ठेवून आली. सोन्यासारखा दिवस, सोन्यासारखी नोकरी. पुढे हाच कागद परदेशात माझ्या गळ्याला फास लावील असं त्या पानांकडे बघून कोणाला वाटलं असतं?

तीन वर्षं नोकरी केली, लग्न झालं, ऑगस्टमध्ये शाळा सोडली आणि काही वर्षांनी नवऱ्याच्या नोकरीमागे एका थंड देशात जाऊन पडले. तिथे लहान मुलांना शिकवायचं तर आधी नोंदणी लागते. नोंदणीशिवाय तुमच्या हाती वर्ग देत नाहीत, मग तुम्ही धारवाडची अर्धी पिढी बाराखडीला लावलेली असो. मी घरी बसून खिडकीतून शेजारच्या पाळणाघरातली मुलं बघायचे. जाडजूड कोट घातलेली ती मुलं पटांगणात पडायची, उठायची, एकमेकांच्या टोप्या ओढायची, आणि माझे हात शिवशिवायचे. कोणी विचारलं, तुम्ही काय करता, की मी म्हणायचे, “सध्या काही नाही.” हे ‘सध्या’ फार लांबलं होतं. मला ते सहन होत नव्हतं. भांडीकुंडी, फोडणी, खिडकी, याच्यापलीकडे मी कोणीतरी होते, हे मला पुन्हा कोणाकडून तरी मान्य करून घ्यायचं होतं, आणि ते मान्य करणारी एकच कचेरी होती.

म्हणून अर्ज केला. पुरावा म्हणून माझ्याकडे होता तो एकच कागद, दसऱ्याचा. तो मी मोठ्या तोऱ्यात अपलोड केला. महिन्याभरात उत्तर आलं. अगदी सभ्य. तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आपल्या नेमणूकपत्रावरच्या तारखेपासून मोजता तो दोन महिन्यांनी कमी भरतो. शिवाय नेमणूकपत्रावरून आपण नेमकं काय करत होता हे कळत नाही. तरी आधीच्या संस्थेकडून अनुभवपत्र आणावं. छापील पत्रशीर्षावर, वरिष्ठांच्या सहीचं. त्यात पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, मुलांची वयं आणि केलेल्या कामांचं वर्णन असावं. सही करणाऱ्यांचा फोन आणि ईमेल असावा, कारण आम्ही विचारपूस करू शकतो. वर्णन संस्थेच्या स्वतःच्या शब्दांत असावं, आमच्या संकेतस्थळावरून उतरवलेलं चालणार नाही. ठरलेल्या मुदतीत पत्र आलं नाही तर फाइल बंद होईल.

दोन महिने! जून ते दसरा चार महिने मी गळा फाडून गाणी म्हटली होती, नाकं पुसली होती, चपला जुळवल्या होत्या, ते सगळं बन्नीच्या पानाखाली झाकलं गेलं होतं.

मग मी बाईंना पत्र लिहिलं. आता आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. अनुभवपत्र मागायचं म्हणजे आपणच लिहून द्यायचं आणि साहेबांनी सही करायची. माझा भाऊ हुबळीत ज्या दुकानात कामाला होता तिथल्या मालकानं त्याला कोरं पत्रशीर्षच दिलं होतं, वर आशीर्वाद. तेव्हा मीही इंग्रजीत सुरेख मसुदा तयार केला. त्या कचेरीचा इशारा वाचूनही मी त्यांच्याच संकेतस्थळावरचे भारदस्त शब्द थोडे इकडचे तिकडे करून घातले. ‘बालकांच्या सर्वांगीण विकासास पोषक वातावरणाची निर्मिती’, ‘पालकांशी सहयोगी नातेसंबंधांची जोपासना’, असली वाक्यं. खाली नम्र विनंती केली, की रुजू तारीख जूनची घालावी आणि सही-शिक्का करून स्कॅन पाठवावं.

चार दिवसांनी बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी माझा मसुदा छापून घेतला होता आणि लाल पेनानं तपासला होता. प्रत्येक वाक्याखाली रेघ आणि शेवटी शेरा. शेरा असा: “ही कोण बाई आहे? ही आमच्याकडे कामाला नव्हती.”

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना फोन लावला, तर त्यांनी उचलला नाही, कारण दुपारी दोन ते चार त्या झोपतात आणि त्या वेळात देवाचाही फोन घेत नाहीत. रागाच्या भरात मी दुसरं पत्र लिहिलं. या वेळी साधं, मराठीत. ‘बाई, मी तुमच्याकडे होते. काय काय करत होते ते तुम्ही रोज बघत होतात. जसं होतं तसंच लिहून द्या, त्यांना तेच हवंय. कुठल्या वयाची मुलं होती, दिवसभरात मी काय करायचे, आठवड्याला किती तास, आणि कधीपासून कधीपर्यंत. जूनपासून होते हे तुम्हालाही माहीत आहे. मला पुन्हा वर्गात उभं राहायचं आहे. याच्याशिवाय ते होणार नाही.’

याचं उत्तर एका ओळीत आलं. “आठवत नाही. पुढच्या महिन्यात माहेरी येणार आहेस म्हणे, तुझी आई सांगत होती. ये आणि करून दाखव.”

नवरा हसून लोळला. म्हणाला, “प्रॅक्टिकल घेणार तुझं.” मी म्हटलं, “हसू नकोस, त्या खरंच घेतील.”

माहेर हुबळीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चिगरी बसनं, म्हणजे हुबळी-धारवाडच्या जलद बसनं, धारवाड गाठलं, सप्तापुरात उतरले आणि शाळेच्या फाटकाशी पोचले तर अक्का दारातच उभी. अक्का म्हणजे आमच्या शाळेतली मावशी, मुलांना आणि शिक्षिकांना सारख्याच आवाजात ओरडणारी. “बर्री बर्री, फॉरेन टीचर बंद्रु,” या या, फॉरेनच्या टीचर आल्या, असं ती आत वळून ओरडली. म्हणजे बातमी आधीच पोचली होती.

बाई मागच्या भिंतीशी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसलेल्या. गुडघे छातीशी, मांडीवर पाठकोरे कागद, चष्मा नाकावर. वय झालं होतं, पण नजर तीच. “आलीस? बसू नको. उभी राहा. नऊ वाजत आलेत.” चहा नाही, पाणी नाही, कशी आहेस नाही.

“बाई, मुलं मला ओळखत नाहीत,” मी म्हटलं.

“पहिल्या दिवशी कोणती ओळखत होती?”

भिंतीवर दप्तरांसाठी खुंट्या आहेत, प्रत्येकीवर एक चित्र, आंबा, छत्री, मोर, घड्याळ. मुलाला नाव वाचता येत नाही, आपला मोर मात्र बरोबर सापडतो. माझ्या वेळी एकेका खुंटीवर दोन दोन दप्तरं लोंबायची आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. आता बऱ्याच खुंट्या रिकाम्या होत्या. आंबा, छत्री, मोर असे पुढचे भरलेले, मागची रांग सगळी मोकळी. मला वाटलं, सर्दी-तापाचा सीझन असेल.

पहिलं मूल आलं ते आईच्या पदराला लोंबकळत. मूल रडत नव्हतं, आई रडत होती. हे नेहमीचंच. मी मुलाला आत घेतलं आणि आईला म्हटलं, “आता जा की. तुम्ही दारात थांबलात की त्याला वाटतं आत वाघ आहे.” ती गेली. मागे पेनाचा आवाज आला, बाई काहीतरी लिहीत होत्या. मग चपलांचा गोंधळ. एक पोरगी ताडताड चालत आली आणि तक्रार केली, “टीचर, अकी नन्न चप्पल हाक्कोंडाळ!” तिची चप्पल दुसरीनं घातली होती. दोघींच्या चपला एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या. मी दोघींना समोरासमोर बसवलं आणि म्हटलं, ज्या चपलेत पाय नीट बसेल ती तुझी. दोघींनी चारही चपला घालून बघितल्या, त्यातच त्यांची मैत्री झाली आणि भांडण संपलं. पुन्हा पेनाचा आवाज.

गाणं घेतलं. घसा बसला होता, इतक्या वर्षांत कोणासमोर मोठ्यांदा गायलेच नव्हते. पहिल्या ओळीला मलाच लाज वाटली, दुसऱ्या ओळीला मुलांनी मला सांभाळून घेतलं. वाळूच्या ताटलीत बोटानं ‘ग’ काढला. एकानं वाळू खाऊन बघितली, त्याला तोंड धुवायला नेलं. डब्याच्या वेळी एका पोरीचा डबा उघडेना तो उघडला, एकाला शेंगदाणे चालत नाहीत असं अक्कानं सांगितलं म्हणून त्याला शेजारच्याच्या चटणीपासून हलवून बसवला. मधेच कोणाला तरी एकदम घाई झाली, त्याला धरून मी पळाले, आणि वाटेत बघते तर बाईही कागद घेऊन मागोमाग.

“बाई, इथपर्यंत?”

“काम कुठं कुठं असतं ते बघायला नको?” म्हणाल्या. अक्का पदरात तोंड खुपसून हसत होती.

खरी गंमत शाळा सुटताना झाली. मुलं एकेक करून घरी जात होती. शेवटी उरली ती चपलेवाली पोरगी. तेवढ्यात फाटकाशी एक गृहस्थ आले, काळा कोट, हातात हेल्मेट, चेहरा अगदी भारदस्त. म्हणाले, “हिचा आजोबा. द्या तिला, न्यायला आलोय.”

मी अक्काकडे बघितलं. अक्का एकाएकी झाडू मारण्यात रमली. मी पोरीला विचारलं, “हे कोण गं?” पोरीनं त्यांच्या हातातली चिक्की बघितली, बाहेर उभी असलेली स्कूटर बघितली, आणि दप्तर पाठीवर टाकलं. तिला आजोबा कोणीही चालला असता.

“कार्ड दाखवा,” मी म्हटलं. आमच्याकडे पालकांना फोटोचं कार्ड देतात, ते दाखवल्याशिवाय मूल द्यायचं नाही.

“कार्ड घरी राहिलं.”

“मग घरून आणा.”

“अहो, मी वकील आहे.”

“असा की. वकिलांनाही कार्ड लागतं.”

त्यांचा आवाज चढला. नातवंडाला अडवून ठेवणं हा गुन्हा आहे, माझ्याकडे कुठल्या कायद्यानं ती पोरगी आहे, मी कोण, माझी नेमणूक कुठाय, असं ते बोलत गेले. नेमणूक हा शब्द ऐकून तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी फाटकाला कडी घातली, पोरीला कडेवर घेतलं आणि म्हटलं, “तुम्ही बाहेर उभे राहा. मी हिच्या आईला फोन लावते. ती हो म्हणाली तर स्वतः तुमच्या स्कूटरवर बसवते. तोवर एक पाऊल आत टाकलंत तर गल्ली गोळा करीन.” पोरगी माझ्या खांद्यावरून चिक्कीकडे हात लांबवून रडायला लागली.

मागून हसण्याचा आवाज आला. बाई हसत होत्या, बुटक्या खुर्चीवरून उठता येईना इतक्या हसत होत्या. “पुरे रे, पुरे. दे तिला चिक्की,” त्या त्या गृहस्थांना म्हणाल्या. ते बाईंचे सख्खे धाकटे भाऊ निघाले. वकील मात्र खरेच होते. हे नाटक आदल्या दिवशीच ठरलं होतं, अक्काला माहीत, पोरीच्या आईलाही माहीत. ती शेजारच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहून सगळं बघत होती. माहीत नव्हतं फक्त मला.

“काय हे बाई!” मी अक्षरशः किंचाळले. “माझा जीव गेला असता.”

“पण पोरगी गेली नसती ना,” बाई म्हणाल्या आणि कागदावर आणखी एक ओळ लिहिली.

मग कुठे चहा मिळाला. चहा पिता पिता मूळ भांडण सुरू झालं. कामांबद्दल बाईंची तक्रार नव्हती. तासांवरून थोडं झालं. ‘आठवड्याला किती तास’ हे ऐकून त्या म्हणाल्या, “मुलं काय तासावर रडतात? असलं काय विचारतात हे लोक?” मी समजावलं, की सकाळची शाळा आणि तेव्हा तिथेच चालणारं दुपारचं पाळणाघर मिळून मी दिवसभर असायचे, म्हणजे ते पूर्णवेळ होतं, आणि त्यांना तेवढं आकड्यात हवंय. कुरकुरत त्यांनी बेरीज केली. पण तारखेवर त्या हटेनात.

“दसऱ्याचा कागद माझ्या सहीचा आहे,” त्या म्हणाल्या. “आता जून लिहिलं तर माझी एक सही खोटी ठरते. कोणती खोटी ठरवू?”

“बाई, मी जूनपासून आले होते हे खरं आहे की नाही?”

“खरं आहे. पण नेमणूक दसऱ्याला झाली हेही खरं आहे.”

“मग त्या चार महिन्यांत मी काय करत होते? फुकट तमाशा बघत होते?”

मी चिडले होते आणि घाबरलेही होते. मुदत सरत आली होती. फाइल बंद झाली की पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा पहिल्यापासून करायला माझ्याकडे हाच कागद आणि याच बाई. मला तो जाडजूड कोटातल्या मुलांचा वर्ग दिसत होता आणि त्याच्या दाराशी बन्नीचं पान घेऊन बाई आडव्या उभ्या होत्या. मी म्हटलंही, “बाई, तुमच्या मुहूर्तानं माझं वाटोळं केलं.” तोंडातून गेलं ते गेलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. “पहिल्या दिवशी काय केलंस आठवतं का तुला? वर्गातली सगळी मुलं एकदम रडायला लागली. तू मधोमध उभी राहिलीस आणि तूही रडायला लागलीस. मोठ्यांदा. मुलं तुला बघून गप्प झाली. एकानं तर आपला रुमाल दिला तुला. मी दारातून बघितलं आणि अक्काला म्हटलं, ही राहणार.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “आज नाही रडलीस.”

“आज तुम्ही परीक्षक होतात,” मी म्हटलं.

“तो दिवस जूनमधला होता. मी पाहिलाय. पाहिलेलं लिहायला मला काही अडचण नाही.” आणि त्या टेबलाशी जाऊन लिहायला बसल्या.

तोडगा इतका सरळ होता, की मला आधी का सुचला नाही याचीच चीड आली. कुठली तारीख खोटी ठरवायची नव्हतीच. दोन्ही लिहायच्या होत्या. बाईंचं इंग्रजी कडक, जुन्या शाळेचं. मराठीत सांगायचं तर त्यांनी असं लिहिलं: ‘या अमुक जून महिन्यापासून आमच्याकडे पूर्णवेळ काम करू लागल्या आणि पहिल्या दिवसापासून वर्गाची संपूर्ण जबाबदारी त्यांच्याकडे होती. लेखी नेमणूकपत्र आमच्या शाळेच्या प्रथेप्रमाणे विजयादशमीला दिलं गेलं. ही प्रथा सर्व शिक्षिकांना लागू होती. त्यामुळे नेमणूकपत्रावरची तारीख आणि काम सुरू झाल्याची तारीख वेगळ्या आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.’ पुढे ऑगस्टची तारीख, तास, तीन ते सहा वर्षांची मुलं. आणि मग कामं, एकेक, त्यांच्या शब्दांत. पालकांना समजावून घरी पाठवणे. वस्तूंवरची भांडणं मुलांनी स्वतः सोडवावीत अशी सोय करणे. गाणी, वाळूतली अक्षरं. डबा, शेंगदाण्यासारख्या न चालणाऱ्या पदार्थांकडे लक्ष. स्वच्छता, वेळेवर. मूल ओळख पटवल्याशिवाय कोणाच्याही हाती न देणे, ‘समोरची व्यक्ती कितीही मोठ्या आवाजात बोलली तरी’.

“हे शेवटचं काढा ना,” मी म्हटलं.

“का? मी ऐकलंय तो आवाज.”

पत्रशीर्षाचा पॅड कपाटातून निघाला तो पार बारीक झालेला, शेवटची काही पानं उरलेली. त्यावर फोन नंबर जुना, लँडलाइनचा. मी म्हटलं, नवीन छापून घ्या की. त्या म्हणाल्या, “आता काय करायचंय छापून. हे संपेपर्यंत पुरेल.” मी मनात म्हटलं, काय हा चिकटपणा. खाली मोबाइल नंबर हातानं लिहिला, ईमेलसाठी वकीलभावाचा पत्ता चालणार नाही असं मी सांगितलं, तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात बसून बाईंच्या नावानं नवा ईमेल उघडला. शिक्क्याची शाई सुकली होती. अक्कानं त्यावर चहाचे दोन थेंब टाकले आणि शिक्का उमटला, किंचित तपकिरी.

ते पत्र मी त्याच दिवशी पाठवलं. सुट्टी संपवून परत गेले. खिडकी, फोडणी, पटांगणातली मुलं, आणि रोज ईमेल बघणं सुरू झालं.

आणि एक दिवस बाईंचा फोन आला. “तुझ्या लोकांनी फोन केला होता,” त्या म्हणाल्या. “माझ्या झोपेच्या वेळी.”

“तुम्ही उचललात?” मला खरंच धक्का बसला.

“उचलला. कोणी बाई होती, बोलायला चांगली. तारखांचं विचारलं. मी तिला दसरा समजावून सांगितला. बन्नी, सोनं, सगळं. तिला आवडलं. म्हणाली, आमच्याकडे असं काही नाही. मी म्हटलं, बिचाऱ्या तुम्ही. मग कामांचं विचारलं, मी वाचून दाखवलं. आवाजाचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं, हसत होती.”

“आणि?”

“आणि शेवटी विचारलं, ही तुमच्याकडे पुन्हा आली तर तुम्ही कामावर घ्याल का?”

“मग?”

“मी नाही म्हणाले.”

माझ्या हातातला झारा खाली पडला. सगळं संपलं असं वाटलं. “बाई! नाही काय म्हणालात? हे ते मुद्दाम विचारतात, शेवटी, नेमकं हेच बघायला. हो म्हणायचं होतं हो, नुसतं हो!”

“ओरडू नको. मी खोटं कसं सांगू? एप्रिलनंतर शाळाच नाही. मोठ्या शाळांच्या बसा दारापर्यंत येतात, इथे कोण पाठवतंय? खुंट्या बघितल्यास ना तू? अक्कालाही दुसरीकडे लावून दिलंय.”

मागची सगळी रांग रिकामी बघून मी सर्दी-तापाचा सीझन म्हटलं होतं, आणि संपत आलेल्या पॅडला चिकटपणा म्हटलं होतं. तिथे दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर मी वर्ग घेतला आणि मला काही दिसलं नाही.

“तिनंही तुझ्यासारखंच विचारलं,” बाई सांगत होत्या. “नाही म्हटल्यावर विचारते, का? मी म्हटलं, शाळा बंद होतेय. मग म्हणाली, आणि शाळा चालू असती तर? मी म्हटलं, शाळा असती तर ही तुम्हाला दिली असती होय?”

मी गॅस बंद केला आणि तशीच ओट्याला टेकून रडायला लागले. मोठ्यांदा. फोन हातातच होता.

मग बाई म्हणाल्या, “रडतेयस? रड. पण किती वेळ ते बघून ठेव, त्यांना आठवड्याचे तास लागतात.”